संपादकांना पत्र लिहिलंय: जामीन झाला तरी माणूस आतच का? वाचून मत द्या

बंदरवाट
नमस्कार मंडळी. मी तुरुंग खात्यातून निवृत्त झालोय, शेवटची पोस्टिंग कोकणातल्याच एका जिल्हा कारागृहात अधीक्षक म्हणून होती. एका दैनिकाच्या वाचकपत्रांसाठी पत्र लिहिलंय. त्यांचा निरोप आला की अडीचशे शब्दांत बसवा. माझं बरंच लांबलंय. काय ठेवू आणि काय काढू ते सांगा, आणि जिथे पटत नाही तिथे मोकळेपणाने बोला. पत्र असं :

"मा. संपादक, स.न.

तुरुंग सुधारणा म्हटलं की नव्या बराकी, कॅमेरे, बेकरी, योगवर्ग यांच्या बातम्या येतात. ते सगळं व्हावंच. पण नोकरीभर मला जी गोष्ट छळत राहिली ती यात कुठेच येत नाही. कोर्टाने जामीन मंजूर केलेला माणूस केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहतो. याला आत ठेवा असं आता कोणीच म्हणत नसतं, तरी तो रोज संध्याकाळी गिनतीला उभा असतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे उत्तर प्रदेशातला एक खलाशी आला. बोटीवरचं डिझेल आणि फिश फाइंडर चोरल्याचा आरोप, फिर्यादी बोटीचा मालक. आधीचा एकही गुन्हा नाही. नोव्हेंबरात जामीन झाला, पंधरा हजारांचा, तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आता या मुलाला किनाऱ्यावर नावाने ओळखणारा माणूस कोण, तर तोच मालक, म्हणजे फिर्यादी. बाकीचे खलाशी त्याच्यासारखेच बाहेरचे, कोणाच्या नावावर इथे जमीन नाही की घर नाही.

भाऊ गावाहून जमिनीची खतौनी घेऊन आला. मुलाकातीच्या जाळीपलीकडून तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून धाकट्याला दाखवत होता, बघ आणलीय म्हणून. कोर्टात ती चालली नाही, जामीनदार जिल्ह्याबाहेरचा म्हणून. दोन-तीन दिवस एसटी स्टँडवर काढून तो परत गेला. विधी सेवेच्या वकिलांनी अट बदलून मागितली, त्यावर तारखा पडत गेल्या. मे महिन्यात पाच हजार रोख आणि स्वतःच्या जातमुचलक्यावर तो सुटला. आरोप खरा की खोटा ते खटल्यात ठरेल. पण जामिनानंतरचे सहा महिने त्याने कशाबद्दल भोगले?

माझी मागणी एवढीच. जामिनाला महिना उलटूनही माणूस आत असेल तर कोणी अर्ज करो न करो, ते प्रकरण आपोआप न्यायाधीशांसमोर यावं आणि अट त्याच्या ऐपतीची व्हावी. परजिल्ह्यातला, परराज्यातला जामीनदार निव्वळ लांबचा म्हणून नाकारू नये. देशभरात २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते. गर्दीवर नवीन भिंती हा एकच उपाय नाही.

एक निवृत्त कारागृह अधीक्षक"

चिपळूणकर
साहेब पत्र छान आहे पण थोडं जुनं वाटतंय. नवीन कायदा आलाय ना, त्यात पहिल्यांदा गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेएवढा काळ झाला की आपोआप सोडतात. कच्च्या कैद्यांचा प्रश्न त्यात सुटला, मी पेपरात वाचलंय. तेच लिहा, लोकांना अधिकार कळतील.

आंबेवाला
मत मागितलंय म्हणून बोलतो. आमच्या बागेत दोन सीझनपूर्वी राखणीला ठेवलेला माणूस पेट्या भरलेल्या असताना मोबाईल आणि रोकड घेऊन गेला. पकडला, जामीन झाला, सुटला आणि गायब. अजून कोर्टातून मला समन्स येतात, मी जातो, तो येत नाही. तुम्ही आत असलेल्याचं दुःख सांगताय, साहेब, बाहेरच्याचं कोण सांगणार? स्थानिक जामीनदार मागतात ते उगाच नाही.

मालवणी मानूस
आंबेवाल्यांचा बरोबर आसा. तेका सोडल्यार तो तारखेक येतलो काय? ह्या आधी सांगा, मगे बाकीचा बोला.

काळा कोट
रत्नागिरीकडे वकिली करतो, फौजदारीच जास्त. आधी चिपळूणकरांचं घेतो. कलम ४७९ ते, नागरिक सुरक्षा संहितेतलं. तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. पहिल्यांदाच आरोपी असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ, हे खरं. पण आपोआप काही होत नाही, अधीक्षकांनी कोर्टाला लेखी अर्ज करायचा, तो करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि मग कोर्ट आदेश देणार. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा असेल तर नाही. आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही, यात बरेच जण गळतात.

आता साहेबांच्या खलाशाला हे लावून बघा. साधी चोरी असती तर कमाल तीन वर्षं, तृतीयांश म्हणजे एक वर्ष. पण नोकराने मालकाची वस्तू चोरली की न्याय संहितेचं कलम ३०६ लागतं, त्याला सात वर्षं. बोटीवरून चोरी म्हणून ३०५ लावलं तरी सातच, कारण त्या कलमात घर, तंबू आणि जहाज एका ओळीत आहेत. सातचा तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. त्याला जामीन झाला तो दीडेक महिन्यात. मग ४७९ त्याच्या काय कामाचं? ज्याला जामीन मिळालाच नाही त्याच्यासाठी ते कलम चांगलं आहे. मिळूनही जो अडकलाय त्याचा प्रश्न वेगळा आहे, साहेबांनी नेमका तोच धरलाय.

चिपळूणकर
ओके, मला वाटलं होतं तारीख आली की जेलवाले दार उघडतात.

बंदरवाट
चिपळूणकर, बऱ्याच बंद्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही असंच वाटतं. अधीक्षक कोणालाही स्वतःच्या अधिकारात सोडू शकत नाही. कोर्टातून सुटकेचा आदेश यावा लागतो, मग आम्ही वॉरंटवरचं नाव, बापाचं नाव, केस नंबर, कलमं जुळवतो, दुसऱ्या कुठल्या केसमध्ये हवाय का ते बघतो. केस नंबरात एक आकडा चुकला तरी आदेश दुरुस्तीला परत जातो. संध्याकाळी बंदी झाल्यावर कागद आला तर सुटका दुसऱ्या दिवशी. शनिवारी संध्याकाळी एकदा ऑर्डरमध्ये आडनाव चुकीचं आलं, सोमवारी दुपारपर्यंत तो माणूस कपड्यांचं बोचकं बांधून बराकीच्या दाराशी बसून होता. आदेश ईमेलवर यायला लागल्यापासून यात पुष्कळ सुधारणा झालीय, ते नाकारत नाही.

सुनंदामावशी
मी कध्धीच कोणाला जामीन राहणार नाही. आमचे हे पतपेढीत शेजाऱ्याला जामीन राहिले, शेजारी मुंबईला गेला आणि हप्ते यांच्या पगारातून कापले गेले, मुद्दल नाही व्याज नाही कशाचा हिशोब नाही. तेव्हा पेपरात काही लिहा पण लोकांना जामीन राहा असं सांगू नका हो.

नाखवा
हर्णैचा आहे, दोन बोटी आहेत. पत्र वाचून राग आला हे आधीच सांगतो. सीझनच्या सुरुवातीला एकेका खलाशाला आगाऊ उचल द्यावी लागते, चाळीस-पन्नास हजार. दोन ट्रिपा करून माणूस पळतो. पोलीस म्हणतात हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणीत जा. फिश फाइंडर काय दरात येतो ते बाजारात विचारा. तो गेला की बोट आंधळी, चार दिवस धंदा बंद, डिझेलचा फटका वेगळाच. माझी वस्तू गेली, वर त्याला मीच जामीन राहू का? पत्रात फिर्यादी असा आलाय जणू मालकच खलनायक.

बंदरवाट
नाखवा, तसं वाटलं असेल तर वाक्य बदलतो, तो हेतू नव्हता. फिर्यादीने जामीन राहावं असं कोणी म्हणूच शकत नाही. मला दाखवायचंय ते इतकंच की "स्थानिक जामीनदार" ही अट कोर्टात सगळ्यांना सारखीच वाचून दाखवली जाते पण किनाऱ्यावर ती सारखी लागत नाही. तुमच्या आळीतल्या मुलाला दुपारपर्यंत तीन जामीनदार मिळतील. बाहेरून आलेल्याची सगळी ओळख बोटीवर असते, आणि भांडण बोटीशीच असेल तर त्याला कोणीच उरत नाही. त्यात ३१ मे नंतर मासेमारीबंदी लागली की त्याच्याबरोबरचे सगळे गावी जातात, ऑगस्टपर्यंत भेटायला येणाराही कोणी नाही.

नाखवा
हां, ते खरं आहे. पण उचलीचं कोणी लिहीत नाही.

काळा कोट
मालवणी मानूस आणि आंबेवाले, तारखेला येणार का हा रास्त प्रश्न आहे, जामिनाची सगळी अट त्यासाठीच असते. पण जामीनदार असला म्हणजे येतो आणि नसला म्हणजे पळतो असं माझ्या तरी पाहण्यात नाही. आंबेवाले, तुमच्या केसमध्येही जामीनदार असणारच की. त्याचं काय झालं? तुमच्या वकिलांना विचारा की त्याला नोटीस काढली का. आरोपी गैरहजर राहिला की बंधपत्र जप्त होतं, जामीनदाराला कारण विचारतात आणि रक्कम वसूल करता येते. अनेक ठिकाणी ती नोटीस काढायचाच पाठपुरावा होत नाही. आणि कित्येकदा तो जामीनदार भाडोत्री निघतो, कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभा राहणारा, खोटं रेशनकार्ड, दुसऱ्याचा सातबारा. म्हणजे प्रामाणिक गरिबाचा सख्खा भाऊ चालत नाही आणि विकतचा स्थानिक चालतो.

हा भावाचा मुद्दा नवा नाही. १९७८ साली मोती राम म्हणून एका गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, मध्य प्रदेशातली. दहा हजारांचा जामीन, आणि भाऊ जामीन राहायला तयार तर मॅजिस्ट्रेटने नाकारला, कारण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. साहेबांच्या खलाशाचा भाऊ आणि मोती रामचा भाऊ यांत काय फरक आहे सांगा.

सुनंदामावशी, पतपेढीसारखं इथे नसतं. बंधपत्रावर जेवढी रक्कम लिहिलीय तेवढीच तुमची जबाबदारी, व्याज चढत नाही, आणि तीही आरोपी आला नाही तरच. कारण पटलं तर कोर्ट त्यातलीही काही सोडू शकतं. मधेच नको वाटलं तर अर्ज करून मोकळंही होता येतं.

सुनंदामावशी
असं असतं होय. बरं झालं कळलं. तरी पण नाही राहणार 🙏

मालवणी मानूस
मावशीनु, तुम्ही माका एक दिवस जेवणाचा आमंत्रण द्या, जामीन नको 😀

हिराकोट
अलिबागकर. आमचं जिल्हा कारागृह किल्ल्यातच आहे, हिराकोटात, लहानपणी तलावावर फिरायला गेलो की त्या दगडी भिंतीपलीकडे कैदी आहेत हे ऐकूनच अंगावर काटा यायचा. रत्नागिरीचा तुरुंगही जुनाच, सावरकर अंदमानहून आणल्यावर तिथे होते. साहेब, या जुन्या इमारतींचं काहीतरी लिहा ना पत्रात, कोंदट असणार आत, पावसाळ्यात तर भिंती गळत असतील. लोक त्यावर जास्त हळहळतील.

बंदरवाट
ओल असते हो. जुलैत घोंगड्या वाळत नाहीत, खरजेचे पेशंट वाढतात. क्षमतेपेक्षा जास्त माणसं झोपली की एकाची खरूज चौघांना होते, डॉक्टर मलम देतात पण अंथरूण तेच ओलं. यावर वेगळं लिहीन. पण बघा, जामीन झालेली चार माणसं कमी झाली तर त्या बराकीत उद्याच जागा होते, त्यासाठी टेंडर काढावं लागत नाही.

पान दोन
जिल्हा दैनिकात पत्रांचं पान बघायचे, आता सोडलं. मूळ प्रश्नाकडे येते कारण कोणीच उत्तर दिलं नाही 🙂 साहेब, पहिला परिच्छेद पूर्ण काढा. योग आणि बेकरीने सुरुवात झालेली पत्रं डेस्कवर सगळ्यात आधी कापली जातात. थेट खलाशावर या. देशाचा आकडाही काढा, त्यातले किती जामीन होऊन आत आहेत ते त्या आकड्यात नाही, मग कोणीतरी नक्की विचारेल. खतौनीची पिशवी काही झालं तरी काढू नका. आणि मागणी कोणाकडे आहे ते स्पष्ट नाही. संपादक काय करणार? कोर्टाने करायचं, सरकारने, की तुमच्याच खात्याने? वाचक पत्र मिटवताना हाच विचार करतो.

काळा कोट
पान दोन यांनी बरोबर पकडलंय. साहेब, तुमची पहिली मागणी तर सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ लाच लिहून ठेवलीय. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेल करायचा, तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन्स संगणक प्रणालीत भरायची, सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्यात बंधपत्र आलं नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण असतं, तेव्हा अशी अट घालू नये असंही त्यात आहे. म्हणून "असा नियम करा" असं लिहू नका, "नियम आहे, तो पाळा" असं लिहा. पत्राला धार येईल.

बंदरवाट
हे मला माहीत आहे, पत्रात आणलं नाही कारण कायद्याची भाषा आली की लोक पान उलटतात असं वाटलं. सात दिवसांचं पत्र आम्ही पाठवलं होतं, आठव्या दिवशी. वकीलही मिळाला. अडलं ते पुढे. महिन्यानंतर कोर्ट विचार करू "शकतं" असं आहे, आणि रोज शंभरेक प्रकरणं बोर्डावर असलेल्या कोर्टाला ही गोष्ट आठवण करून कोण देणार? जामीन देऊन झालेली फाइल कपाटात गेलेली असते. मी म्हणतो, अशा बंद्यांची यादी तुरुंगातून दर महिन्याला थेट न्यायाधीशांच्या टेबलावर जावी आणि त्या यादीला तारीख मिळावी. त्यात फक्त नाव, जामिनाची तारीख, अट, आणि का सुटला नाही त्याची एक ओळ.

काळा कोट
यावर माझं थोडं वेगळं मत आहे. यादी जाईल, तारीखही मिळेल, पण वकिलाने आधी आरोपीची परिस्थिती कागदावर आणली नसेल तर कोर्ट कशाच्या आधारावर अट बदलणार? पगार किती, घरी कोण, गावाला जमीन आहे का, हे कोणीतरी जेलमध्ये बसून लिहून घ्यायला हवं. विधी सेवेचे स्वयंसेवक येतात, पण हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्याशी दहा मिनिटांत काय कळणार. आणि खतौनी आता ऑनलाइन दिसते हे खरं असलं तरी समोर उभा असलेला माणूस तोच खातेदार आहे का हे ऑनलाइन कळत नाही. त्याच्या तहसिलीतून खात्री मागवायला वेळ लागतो. तोवर तात्पुरता रोख जामीन घेऊन सोडावं, मुदत द्यावी, हा मार्ग मला जास्त चालणारा वाटतो.

चिपळूणकर
रोख भरायला पैसे कुठून आणणार? सरकारची योजना आहे ना गरीब कैद्यांसाठी? हे तरी बरोबर आहे का 😅

बंदरवाट
बरोबर आहे. २०२३ मध्ये केंद्राने आणली, तेव्हाची मर्यादा जामिनासाठी कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठी शिक्षा झालेल्याला पंचवीस हजारांपर्यंत. जिल्ह्याची समिती मंजूर करते. पण त्या पैशाने रोख रक्कम भरता येते, माणूस उभा करता येत नाही. आदेशात "एक स्थानिक जामीनदार" लिहिलं असेल तर आधी तो आदेश बदलून रोख करून घ्यावा लागतो, मग योजना लागू पडते. म्हणजे पुन्हा त्याच अर्जापाशी येतो आपण.

आंबेवाला
वकीलसाहेब, विचारलं मी. जामीनदाराला नोटीसच निघाली नव्हती. आता अर्ज देतोय. माझं मत बदललेलं नाही, पण जामीनदार असून उपयोग झाला नाही हे कबूल. एक सांगा, आंब्याच्या बागांत नेपाळी गुरखे आहेत कितीतरी, त्यांच्यातला कोणी अडकला तर? त्याचा भाऊ तर दुसऱ्या देशातला.

काळा कोट
तिथे अवघड आहे, आणि खोटं आश्वासन देणार नाही. सीमा ओलांडून गेला तर परत आणणं कठीण असतं म्हणून कोर्टं कडक अटी घालतात. वर्षानुवर्षं त्याच बागेत असेल आणि बागायतदार स्वतः सांगायला उभा राहिला तर फरक पडतो. नाहीतर रोख आणि ठाण्यात हजेरी.

बंदरवाट
मंडळी, सगळ्यांचं वाचून पत्र असं केलंय, उद्या पाठवतो :

"उत्तर प्रदेशातून कोकणात बोटीवर कामाला आलेल्या एका खलाशाला नोव्हेंबर २०२४ मध्ये जामीन मिळाला आणि तो मे २०२५ मध्ये सुटला. अट स्थानिक जामीनदाराची होती. त्याला ओळखणारे इथले एकच गृहस्थ फिर्यादी होते, आणि त्यांचं नुकसान झालेलं असल्याने त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही गैर. भाऊ जमिनीची खतौनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आला, ती जिल्ह्याबाहेरची म्हणून चालली नाही. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच असं नाकारणं चूक ठरवलं आहे, आणि जामीन होऊन महिनाभर माणूस आत राहिला तर अटीचा फेरविचार करण्याची वाट २०२३ मध्ये दाखवली आहे. तरी अशी माणसं आत आहेत, कारण ती फाइल पुन्हा कोणी उघडत नाही. जिल्हा न्यायालयाने दर महिन्याला कारागृहाकडून अशा बंद्यांची यादी मागवावी, तिला तारीख द्यावी, आणि विधी सेवा प्राधिकरणाने त्याआधी प्रत्येकाची ऐपत लिहून द्यावी. तोवर परवडेल एवढी रोख रक्कम घेऊन मुदतीवर सोडावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक निवृत्त कारागृह अधीक्षक"

पान दोन
आता छापतील. "गैर" च्या जागी "चुकीचं" केलंत तर बरं, आणि नाव द्या. निनावी पत्र आमच्याकडे टोपलीत जायचं.

नाखवा
मालकाबद्दलचं वाक्य ठीक आहे आता. उचलीवर मीच एक पत्र लिहितो, पान दोन मॅडम तपासून द्या.

हिराकोट
एक प्रत जिल्हा न्यायाधीशांनाही पाठवा साहेब, पेपरात आलं तरी तिथे वाचतीलच असं नाही.

बंदरवाट
नाव देतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. प्रत विधी सेवेच्या सचिवांनाही देतोय.

सुनंदामावशी
वकीलसाहेब एक विचारायचं राहिलं. माझ्या बहिणीचा मुलगा आहे मारामारीच्या केसमध्ये, जामीन झालाय, मी नाही पण त्याचे काका उभे राहायला तयार आहेत. त्यांचा सातबारा सामाईक आहे, बावीस नावं, निम्मे मुंबईत आणि दोघे वारलेले. कोर्टातला माणूस म्हणाला यावर होणार नाही. मग काय करायचं?

काळा कोट
कोकणात हा रोजचा घोळ आहे मावशी. काकांच्या नावावर घर असेल तर घरपट्टीची पावती आणि घराचा आठ-अ चा उतारा घ्या, त्यावर काही ठिकाणी होतं. नाहीतर तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढा, पण त्याला वेळ जाईल. कुठल्या कोर्टात आहे ते व्यनि करा, आणि जामीन कोणत्या तारखेला झाला तेही लिहा, महिना झाला असेल तर वेगळा अर्ज करू.